शेवटची कुपी

लिपानला आमच्या हॉस्पिटलात आणलं ते तिच्या सासरच्या दोन म्हाताऱ्या बायकांनी. नदीकाठच्या उसाच्या बेटांतून, वाकून, लपत. वरच्या रस्त्यावर तिच्या माहेरच्यांचे धनुष्यवाले बसलेले होते आणि खालच्या पुलावर नवऱ्याकडचे. बाईला कळा सुरू होऊन दुसरा दिवस उजाडला होता. पाय सुजलेले, रक्तदाब चढलेला, आणि गालावर बोटांचे वळ. तिच्या भावाने, यालोनने, मागच्या आठवड्यात तिच्या चुलत सासऱ्याला गोळी घातली होती. त्याचा राग सासरच्यांनी हिच्यावर काढला होता.

"कोणी मारलं?" मी विचारलं.

"कोणी नाही," ती म्हणाली. मग कळ आली आणि तिने माझ्या मनगटाला असा हिसका दिला की माझं घड्याळच तुटलं.

मी याच मुलखातली नर्स. माझं माहेर डोंगराच्या पलीकडे, या भांडणात आमचं कुळ नाही, म्हणून तर मी कामावर येऊ शकत होते. डॉक्टर हेनाओ समुद्राकडचे. आणि भूल देणारी ओलिंडा पोसान तर मानुस नावाच्या बेटावरची. तिला इथे कुळ नाही, भाऊ नाही, कोणाच्या बाजूने तिने हात उचलावा असं कोणी नाही. बाजारात बायका तिला म्हणायच्या, "काय गं मासळी, थंडी वाजत नाही का?" ती हसून म्हणायची, "वाजते की. तुमचं बोलणं ऐकून अंगात ऊब येते." तिचं काम मात्र थट्टेचं नव्हतं.

लढाई सुरू झाल्यापासून रोज कोणी ना कोणी येत होतं. बाण रुतलेले, कोयत्याने मनगट लोंबणारे, घरी बनवलेल्या बंदुकीच्या छऱ्यांनी पोट चाळणी झालेले. बेशुद्ध करायची औषधं त्यांनीच संपवली. रस्ता बंद, विमान धावपट्टीवर उतरायला तयार नाही. कपाटात उरली होती फक्त कमरेत द्यायची भूल, काचेच्या तीन कुप्या. आणि त्या कुप्यांतून औषध ओढायच्या जाळीच्या सुयाही तेवढ्याच. ही सुई वेगळी असते. तिच्या आत बारीक गाळणी असते. कुपीची मान मोडताना डोळ्याला न दिसणारे काचेचे कण औषधात पडतात, ते ती अडवून धरते.

डॉक्टरांनी लिपानच्या पोटावर कान लावला आणि मान हलवली. "बाळाचे ठोके मंदावताहेत. अडलंय. पोट उघडायचं. ओलिंडा, कमरेतून देशील?"

"दुसरं काय आहे माझ्याकडे?" ओलिंडा म्हणाली.

मी लिपानला टेबलावर बसवलं, पुढे वाकवलं. तिचं कपाळ माझ्या खांद्यावर. तिची पाठ धुऊन झाली. ओलिंडाने हातमोजे चढवले, निर्जंतुक कापड पसरलं. डॉक्टर हात धुऊन, ते कोपरांच्या वर धरून, कशालाही न शिवता भिंतीशी उभे. मी लिपानला क्षणभर म्हातारीच्या हातात दिलं, पहिली कुपी उघडून धरली, आणि ओलिंडाने औषध ओढलं. सगळं नेहमीसारखं. सिरिंज भरून कापडावर ठेवली.

तेवढ्यात बाहेरचं दार कुऱ्हाडीने फुटलं.

मी आवाजावरून ओळखलं, लाकूड नव्हे, बिजागऱ्या उखडल्या. बाहेर कोणीतरी किंचाळलं. मग आतल्या दारावर लाथ पडली आणि यालोन आत आला. काळा रंग फासलेला चेहरा, दाढीत गवत, खांद्यावर नळीची बंदूक, हातात कुऱ्हाड. मागे दोघं. त्यांच्या पायांना चिखल, त्यातल्या एकाच्या शर्टावर दुसऱ्या कोणाचं तरी रक्त.

"कुठाय माझी बहीण? मारलीत ना तिला? त्यांच्याशी हात मिळवलात ना?"

"यालोन, बाहेर हो!" लिपान ओरडली. "माझ्या अंगावर कपडा नाही, लाज नाही का तुला?"

तिला जिवंत बघून तो एक क्षण थबकला. तेवढ्यात त्याची नजर त्या दोन म्हाताऱ्यांवर गेली. शत्रूकडच्या. त्याने कुऱ्हाड उचलली. ओलिंडा मध्ये आली. हातमोज्यांतले हात छातीशी धरलेले, कशाला लागू नयेत म्हणून. "इथे कोणी कोणाला मारणार नाही. बाहेर जा. घाणीचे पाय घेऊन आत आलास तू."

त्याने कुऱ्हाडीचा दांडा फिरवला. तो तिच्या भुवईवर बसला. हाडाचा आवाज मला ऐकू आला. ती ट्रेवर पडली, ट्रे तिच्यावर. भरलेली सिरिंज फरशीवरून घरंगळत त्याच्या चिखलाच्या पायाशी जाऊन थांबली.

म्हाताऱ्या कोपऱ्यात गाठोड्यासारख्या बसल्या होत्या. डॉक्टर पुढे सरकले, तर दुसऱ्या माणसाने कोयता त्यांच्या गळ्याशी लावला. "तू हात वरच ठेव डॉक्टर. कापायचंय ना तुला? मग हात जप."

ओलिंडा उठून बसली. भुवई फाटून कातडी लोंबत होती, रक्त डोळ्यात, तोंडात. तिने ते थुंकलं. यालोनकडे बघितलंच नाही. सिरिंजकडे बघितलं.

"गेली," ती मला म्हणाली. "दुसरी काढ, अॅग्नेस."

"ही काय, पडलीय की इथे," यालोनने सिरिंज उचलून पुढे केली. "घे. दे तिला."

"फरशीवर पडली ती."

"मग? पुसून दे!"

"तुझ्या बहिणीच्या कण्यात जाणार आहे ते. कण्यातलं पाणी थेट मेंदूला लागतं. तुझ्या पायाची घाण तिच्या मेंदूत घालू?"

त्याने सिरिंज भिंतीवर फेकली.

मी ओलिंडाच्या कपाळाला घाईघाईने पट्टी गुंडाळली. तिने मोजे बदलले, नवं कापड घेतलं. लिपान आता माझ्या अंगावर पूर्ण रेलून दातांनी माझा गाऊन चावत होती. दुसरी कुपी मी उघडली. ओलिंडा वाकली, "घाबरू नकोस, सुईत गाळणी आहे," असं लिपानला सांगत जाळीची सुई कुपीत घातली, ओढायला लागली. आणि पट्टीखालून एक धार सुटली. नाकाच्या शेंड्यावरून थेंब पडला. कुपीच्या तोंडावर. आत.

ती तशीच वाकलेली राहिली. मग तिने सुई बाहेर काढली आणि सगळंच बाजूच्या थाळीत टाकलं.

"काय केलंस?" यालोन.

"माझं रक्त पडलं त्यात."

"ती सुई गाळते म्हणालीस ना! मघाशी सांगत होतीस ना तिला, गाळणी आहे म्हणून!"

"काच गाळते. रक्त नाही गाळत, रोगाचे जंतू नाही गाळत."

"नाटकं करतेस तू! औषध सांडतेस म्हणजे ती मरेल. त्यांनी तुला काय दिलं? लाच म्हणून डुकरं दिली?" त्याने बंदूक खांद्यावरून उतरवली आणि छताकडे नळी करून चाप ओढला. त्या छोट्या खोलीत असा आवाज झाला की माझे कान बधिर झाले. छताचे तुकडे आणि धूळ आमच्यावर, कापडावर, लिपानच्या उघड्या पाठीवर भुरभुर पडली.

कान पुन्हा उघडले तेव्हा पहिला आवाज डॉक्टरांचा आला. "बाळाचे ठोके कोणी ऐकतंय का? का बंदुकाच ऐकायच्यात?" गळ्याशी कोयता असताना ते बोलले. मला वाटलं, आता चिरतील. पण कोयतावाल्याने कोयता खाली केला. त्याची बायको मागच्या वर्षी बाळंतपणात गेली होती, हे मला माहीत होतं.

मी कपाटाकडे गेले. शेवटची कुपी, शेवटची सुई. पाठ पुन्हा धुवायची, कापड पुन्हा घालायचं, ओलिंडाची पट्टी पुन्हा बांधायची. मी तिच्या डोक्याभोवती एवढा कापूस आणि एवढे वेढे घातले की तिचा एक डोळा झाकूनच गेला. पुन्हा मोजे. यालोन फेऱ्या मारत होता. मी कुपीच्या मानेत अडकलेलं औषध खाली उतरावं म्हणून टिचकी मारली. स्पिरिटच्या बोळ्याने मान पुसली. आणि थांबले.

"आता काय बघत बसलीस?"

"वाळू दे. ओलं असताना स्पिरिट आत जाईल."

"वाळू दे!" तो ओरडला. "ती मरतेय आणि तू कपडे वाळत घालतेस? आण इकडे. मान मोडायची ना? मी मोडतो." आणि त्याने माझ्या हातातून कुपी हिसकली आणि टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटायला हात उचलला.

तो हात लिपानच्या तोंडासमोरून गेला.

तिने चावा घेतला. अंगठ्याच्या मुळाशी, कुत्रीसारखा. तो ओरडला, दुसऱ्या हाताने तिच्या डोक्यात गुद्दा मारला, तिने सोडलं नाही. तिच्या ओठांतून त्याचं रक्त हनुवटीवर आलं. त्याची मूठ उघडली, कुपी तिच्या मांडीवरच्या कापडावर पडली. गोल फिरली. थांबली. फुटली नव्हती.

लिपानने दात सोडले. श्वास घेतला. "तू माझा भाऊ आहेस," ती म्हणाली, "पण आता इथून हललास तर मी तुझा हातच खाईन. त्या बाईला काम करू दे. बस खाली."

तो बसला. फरशीवर, भिंतीला पाठ लावून, हात काखेत दाबून. एवढा मोठा माणूस, पण आईने कान उपटल्यासारखा.

कुपी मी पुन्हा पुसली. या वेळी ती पूर्ण वाळू दिली. मानेभोवती घडी केलेला गॉज लपेटला, मान जिथून तुटते तिथल्या खुणेचा ठिपका माझ्याकडे, आणि जोर बाहेरच्या बाजूला, लिपानपासून लांब. टक्. मान सरळ तुटली. मी कुपी उजेडाला धरली. कडा स्वच्छ.

ओलिंडाने सिरिंजला जाळीची सुई लावली. कुपीच्या बाहेरच्या काचेला माझे हात लागलेले, म्हणून तिने सुई कडेला न टेकवता मधोमध आत नेली. मी कुपी किंचित तिरकी केली. एका डोळ्याने ती बघत होती. हळूहळू ओढत होती, घाई केली तर हवा ओढली जाते. तेवढ्यात बाहेर अंगणातून गोळ्या सुटल्या. नवऱ्याकडचे पूल सोडून वर आले होते. खिडकीची वरची तावदानं फुटली. काचा खाली येताना मी बघितल्या, आणि ओलिंडा वळली. कुपी, माझा हात, सिरिंज, सगळं तिने आपल्या छातीच्या पोकळीत घेतलं आणि पाठ खिडकीकडे केली. काचा तिच्या पाठीवर, मानेवर पडल्या. मानेतून रक्त आलं, पण पाठीमागून खाली, पुढे नाही.

तिने तसंच, त्या वाकलेल्या अवस्थेत, औषध ओढलं. तळाशी काच बसते, म्हणून तळाचा घोट तिथेच ठेवला. सिरिंज वर करून बघितली. मग जाळीची सुई काढून टाकली. त्याच सुईतून परत ढकललं असतं तर अडवलेली काच उलट बाहेर आली असती.

"बस, लिपान. मांजरीसारखी पाठ काढ," ती म्हणाली.

लांब, बारीक सुई कण्यात गेली. स्वच्छ पाण्याचा थेंब आला. ओलिंडाने सिरिंज जोडली आणि सावकाश औषध आत सोडलं.

लिपानचे पाय जड झाले, मग गेले. आम्ही तिला आडवी केली. बाहेर आरोळ्या चालू होत्या. यालोन उठला, डाव्या हातात बंदूक घेतली. "ते आत येतील," तो म्हणाला. "इथे आले तर तुम्ही सगळे मराल." त्याची दोघं माणसं आधीच बाहेर गेली होती. तो फुटलेल्या दारातून गेला.

डॉक्टरांनी पोट उघडलं. लिपान जागी होती, कमरेच्या वर सगळं कळत होतं तिला. छताकडे बघत होती. बाहेर एक गोळी, मग तीन-चार, मग तिचा भाऊ शिवी देताना ऐकू आला, मग तो आवाज मध्येच तुटला.

"तो होता," ती म्हणाली.

"श्वास घे," ओलिंडा म्हणाली.

"तो होता गं. मला सोडा. मला जाऊ दे." पण तिचे पाय तिचे नव्हते. तिने हाताने टेबलाची कड धरून स्वतःला ओढायचा प्रयत्न केला, पोट उघडं असताना. ओलिंडाने तिच्या दोन्ही खांद्यांवर आपलं वजन टाकलं. "लिपान! अजून आत आहे ते लेकरू. एवढं होऊ दे."

डॉक्टरांनी बाळाला पायाला धरून बाहेर काढलं. निळं, गप्प. एका म्हातारीने पुढे येऊन माझ्या हातून घेतलं, तोंडातला चिकटा बोटाने काढला, तळपायावर जोरात मारलं. पोरगी रडली. तिचं रडणं ऐकून बाहेर कोणीतरी गोळीबार थांबवा असं ओरडल्याचं नंतर सांगितलं गेलं. मला ते खरं वाटत नाही. गोळ्या संपल्या असतील.

लिपानचं पोट शिवून होत नाही तोच यालोनला आत आणलं. त्याच्याच कोयतावाल्या माणसाने खांद्यावर टाकून. छऱ्यांनी गुडघ्याखालचा पाय फोडला होता. हाड पांढरं दिसत होतं. मांडीला वेल घट्ट आवळलेला, तरी रक्त ठिबकतच होतं. डॉक्टर म्हणाले, "शीर बांधायला हवी, आत्ताच. तुकडे काढायला हवेत. नाहीतर पाय जाईल, मग माणूस."

लिपान शेजारच्या खाटेवर, पायांत अजून जीव नाही, पोरगी छातीशी. तिने मान वळवून बघितलं.

"कमरेतलं दे," यालोन ओलिंडाला म्हणाला. घामाने त्याचा काळा रंग ओघळला होता. "तिला दिलंस तसं."

"संपलं."

"ते भिंतीपाशी पडलंय ना. मी फेकलेलं. ते दे. नाहीतर ते थाळीतलं. तुझं रक्त आहे ना त्यात? चालेल मला. दे."

थाळी तिथेच होती. दुसऱ्या कुपीत अजून औषध होतं, गुलाबी झालेलं. ओलिंडाची पट्टी पुन्हा ओली झाली होती. तिचा उघडा डोळा थाळीवर होता. खोलीत मी, डॉक्टर, कोयतावाला, सगळे तिच्याकडे बघत होतो. मनात म्हणत असेन मी, की दे, भोग म्हणावं. तिच्याही मनात आलं असेल. त्याने तिचं कपाळ फोडलं होतं.

तिने थाळी उचलली आणि काचा-सुयांच्या पिवळ्या डब्यात सगळं ओतलं.

"तुझ्या बहिणीला नाही दिलं, तुला कसं देऊ?" ती म्हणाली. "ते टोचलं तर आज दुखणार नाही, चार दिवसांनी मान ताठ होऊन मरशील. मी मारणार नाही तुला."

"मग कसं करणार?"

"थोडं कातडीत टोचायचं औषध आहे. वरवर बधिर होईल. आत सगळं कळेल."

त्याने दाढी चावली. "करा."

ओरडला तो. असा ओरडला की बाहेर अंगणात बसलेले त्याचे शत्रूही उठून उभे राहिले. कोयतावाल्याने त्याच्या छातीवर गुडघा ठेवला, मी पाय धरला, डॉक्टर आत बोटं घालून शीर शोधत होते. ओलिंडाने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. त्याने तिचं मनगट धरलं आणि सोडलं नाही, ज्या हाताला बहिणीचे दात लागले होते त्याच हाताने. शेजारच्या खाटेवरून लिपान त्याच्या अंगावर ओरडत होती, "रडू नकोस! डोंगरावर माणसं मारताना रडला होतास का? रडू नकोस रे!" आणि स्वतः ढसाढसा रडत होती.

शीर सापडली. बांधली.

बाकीचं सांगण्यासारखं थोडं आहे. त्या दिवशी अंगणात लिपानचा दीर मेला, आणि यालोनचा दुसरा माणूस. दोन्ही प्रेतं आमच्याच व्हरांड्यात, एकाच चादरीखाली ठेवावी लागली, कारण चादर एकच होती. दोन्हीकडच्या बायका रडायला आल्या आणि त्यांनी एकमेकींना ओरबाडलं. शेवटी चर्चच्या लोकांनी मध्ये पडून रस्ता उघडला.

यालोनचा पाय वाचला, पण गुडघा वाकत नाही. डोंगर चढता येत नाही त्याला, म्हणून लढाईलाही नेत नाहीत. लिपान नवऱ्याकडे परत गेली नाही. माहेरीही नाही. हॉस्पिटलच्या मागे, चर्चच्या जागेत रताळ्याचे वाफे केलेत तिने. तिचा नवरा केपास आला होता पोरगी बघायला. तिने त्याला कुंपणाबाहेर उभं केलं, पोरगी उचलून दाखवली आणि परत आत गेली.

ओलिंडाची भुवई डॉक्टरांनी शिवली. विमानाने नवी औषधं आली, त्याच विमानाने तिला जाता आलं असतं. वैमानिकाने विचारलंही. ती धावपट्टीवर उभी राहून खोकी मोजत होती, एका डोळ्याने, कारण दुसरा अजून सुजलेला होता.

"जाळीच्या सुया कुठल्या खोक्यात आहेत?" तिने त्याला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. मग आम्ही दोघींनी खोकी खांद्यावर घेतली आणि हॉस्पिटलकडे चालू लागलो.